सकाळी स्टिरॉइडची गोळी, संध्याकाळी चढलेली शुगर: ती कधी तपासली तर सापडते?

दमा, आतड्यांची सूज, सांधेवात, किडनीचे किंवा त्वचेचे आजार अशा कारणांसाठी रोज सकाळी प्रेडनिसोलोनची गोळी घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पान आहे. दुकानात हीच गोळी ओम्नाकॉर्टिल किंवा वायसोलोन या नावांनी मिळते. खाली शुगरचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, म्हणजे आपल्याकडच्या मीटरवर आणि रिपोर्टवर असतात तसेच.

सकाळची उपाशीपोटीची शुगर ९६ आली. म्हणजे स्टिरॉइडने शुगर वाढलेली नाही ना?

तसं म्हणता येणार नाही. दिवसातून एकदाच, सकाळी प्रेडनिसोलोन घेत असाल तर उपाशीपोटीचा आकडा हा स्टिरॉइडचा हात सगळ्यात कमी लागलेला आकडा असतो. कालच्या गोळीचा जोर रात्रीतून ओसरलेला असतो, आजची अजून पोटात गेलेली नसते. त्यामुळे सकाळी ९६ आणि त्याच दिवशी दुपारी साडेतीनला २५० असं सहज होतं. आधी डायबेटिस नसलेल्यांमध्ये तर हेच चित्र जास्त दिसतं.

साध्या डायबेटिसमध्ये उपाशीपोटीच्या आकड्यावरून बऱ्यापैकी अंदाज येतो, म्हणून घरोघरी तीच सवय पडली आहे. इथे मात्र ती सवय फसवते.

पण शुगर दुपारीच का चढते? गोळी तर सकाळी घेतली.

गोळीतलं औषध एक ते तीन तासांत रक्तात भरतं, पण शुगरवरचा परिणाम उशिरा दिसतो. स्टिरॉइड पेशीच्या केंद्रकात जाऊन तिथे कोणती प्रथिनं किती बनायची हे बदलतं, आणि त्या बदलाचा परिणाम दिसायला काही तास जातात. मग तीन गोष्टी एकदम होतात. स्नायू इन्सुलिनला नीट दाद देईनासे होतात, यकृत स्वतःहून जास्त साखर सोडतं आणि स्वादुपिंडातून वेळेवर पुरेसं इन्सुलिन सुटत नाही. जेवणातली साखर उचलून घेण्याचं मोठं काम स्नायूंचं असल्यामुळे खरी अडचण जेवणानंतर दिसते.

साधारण हिशेब असा: गोळीनंतर चारेक तासांनी शुगर चढू लागते, चार ते आठ तासांच्या मध्ये शिखर गाठते आणि बारा ते सोळा तासांनी जोर ओसरत जातो. सकाळी आठला गोळी घेतली तर हे शिखर दुपारी बारा ते चारच्या मध्ये येतं. नेमकं त्याच वेळी दुपारचं जेवणही होतं, म्हणजे वरवर दोन थर चढतात. रात्रीच्या जेवणापर्यंत जोर उतरणीला लागलेला असला तरी संपलेला नसतो. म्हणून रात्रीच्या जेवणानंतरही आकडा वर राहतो. पुढे झोपेत पोट रिकामं असतं आणि शुगर खाली येते.

मग डॉक्टर गोळी सकाळीच का देतात? रात्री घेतली तर?

शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल सकाळीच सर्वात जास्त असतं. गोळी तेव्हा घेतली की शरीराच्या लयीला कमी धक्का बसतो आणि झोपही कमी बिघडते. वेळ बदलल्याने शुगर वाढायची थांबत नाही, ती फक्त दुसऱ्या वेळी वाढते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळ बदलू नका.

लॅबमध्ये ‘फास्टिंग’ आणि ‘पीपी’ दोन्ही नॉर्मल आले. तरी घरी तपासायचं?

हो. त्यासाठी लॅबमधली सकाळ कशी जाते ते बघा. माणूस सव्वासातला उपाशीपोटी रक्त देतो. मग जवळच्या उडप्याकडे इडली-चहा घेतो, किंवा घरी जाऊन पोहे खातो, आणि गोळीही तेव्हाच, आठच्या सुमारास घेतो. दोन तासांनी, दहाला, ‘पीपी’चं रक्त देतो आणि लोकल पकडून कामावर जातो. या दुसऱ्या नमुन्याच्या वेळी गोळी घेऊन जेमतेम दोन तास झालेले असतात आणि शुगर अजून चढायची असते. दोन्ही नमुने चढणीच्या आधीचे, म्हणून दोन्ही नॉर्मल. रिपोर्ट खोटा नसतो, फक्त वेळ चुकलेली असते.

काही जण तर तपासणी आहे म्हणून गोळीच लॅबमधून परतल्यावर घेतात. मग त्या दिवसाच्या रिपोर्टमधून स्टिरॉइडबद्दल काहीच कळत नाही.

घरी मीटर नसेल तर लॅबला सांगून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांचा नमुना द्या. फॉर्मवर ‘दुपारच्या जेवणानंतर, प्रेडनिसोलोन सकाळी ८ वाजता’ असं डॉक्टरांकडून लिहून घेतलं तर गोंधळ होत नाही.

रोज एकच स्ट्रिप वापरायची असेल तर कोणत्या वेळी?

दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. हे दोन तास जेवणाच्या पहिल्या घासापासून मोजायचे, ताट उचलल्यापासून नाही. सकाळी आठ-साडेआठला गोळी आणि दीडला डबा असेल तर साडेतीन ही वेळ जवळजवळ नेमकी बसते.

दुसरी स्ट्रिप परवडत असेल तर ती रात्रीच्या जेवणाच्या अगदी आधी वापरा. इथे मुंबईची एक अडचण आहे. आपलं रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला होतं आणि मध्ये पाच-सहाला चहा, खारी, कधी वडापाव होतो. जेवणाआधीचा आकडा म्हणून साडेसहाला तपासलं तर तो खरं तर वडापावनंतरचा आकडा असतो. चहा-खाण्यानंतर किमान तीन तास जाऊ द्या, नाहीतर वहीत आकड्याशेजारी ‘६ ला वडापाव’ असं सरळ लिहून ठेवा. डॉक्टरांना तेवढंही पुरतं.

तुमची गोळीची वेळ वेगळी असेल तर गोळीच्या वेळेत चार ते आठ तास मिळवा आणि त्या पट्ट्यात जे जेवण येतं त्यानंतर दोन तासांनी तपासा. पहाटेची पाळी असलेला माणूस पाचला गोळी घेऊन अकराला जेवत असेल, तर त्याची वेळ दुपारी एकची.

एका दिवसाचे आकडे प्रत्यक्ष कसे दिसतात?

समजा, मुलुंडच्या ५४ वर्षांच्या एक बाई आहेत. मोठ्या आतड्याच्या सुजेसाठी प्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ रोज सकाळी सव्वाआठला, नाश्त्यानंतर. स्वतःला डायबेटिस नाही, आईला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम दिवसभर तपासलं:

सकाळी ७, उपाशीपोटी: ९४
सकाळी १०, नाश्त्यानंतर दोन तास: १३८
दुपारी १:१५, जेवणाआधी: १७१
दुपारी ३:३०, जेवणानंतर दोन तास: २५८
रात्री ९, जेवणाआधी: २०४
रात्री ११, जेवणानंतर दोन तास: २२१
दुसऱ्या दिवशी सकाळी ७: १०१

यातला सगळ्यात बोलका आकडा २५८ नाही, १७१ आहे. दहा ते सव्वाएकच्या मध्ये बाईंनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. नेहमीच्या शरीरात १३८ वरून आकडा खाली यायला हवा होता, इथे तो वर गेला. काही न खाता दुपारी शुगर चढणं ही सकाळच्या स्टिरॉइडची खूणच समजा. जेवण ‘जास्त झालं’ म्हणून शुगर वाढली, असं घरात कोणी म्हणालं तर ही ओळ दाखवा.

त्यांनी दुसऱ्या दिवशी साडेतीनला पुन्हा तपासलं, २४७ आला. मग डॉक्टरांना फोन केला. आधी दुपारच्या ताटात बदल झाला: तीन पोळ्या आणि वाटीभर भाताऐवजी दोन पोळ्या, वाटीभर मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर. आकडा २१९ वर आला, पण तेवढ्यावर थांबला. म्हणून डॉक्टरांनी सकाळच्या नाश्त्याआधी ग्लिक्लाझाइड सुरू केलं आणि आठवड्याभरात साडेतीनचा आकडा १७० च्या आसपास आला. पुढे काय झालं ते डोस कमी करण्याच्या प्रश्नात येईल, कारण खरी चूक होते ती तिथे.

किती आकड्याला काय करायचं?

दुपारचा किंवा संध्याकाळचा आकडा १८० च्या आत असेल तर रोज एकदा तपासत राहणं पुरे.

१८० ते २१५ च्या मध्ये असेल तर ताट बघा, वही नीट ठेवा आणि पुढच्या भेटीत दाखवा.

२१६ किंवा त्याहून वर आकडा आला, तर एकाच आकड्यावर घाबरू नका. हात धुऊन पुन्हा तपासा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत बघा. दोनदा वर आला तर दिवसातून चारदा (तिन्ही जेवणांआधी आणि झोपताना) तपासायला लागा आणि डॉक्टरांना कळवा. चारदाच्या या वेळांमध्ये जेवणानंतरची वेळ नाही, त्यामुळे साडेतीनची स्ट्रिप चालूच ठेवा. २१६ हा आकडा वरकरणी विचित्र वाटतो. तो ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या मार्गदर्शनातला १२ मिलिमोल आहे, आपल्या एककात बदललेला.

३०० च्या वर आकडा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं, सोमवारची वाट बघायची नाही. सोबत सतत तहान, तासातासाला लघवी, उलट्या, सुस्ती किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर फोनवर वेळ न घालवता सरळ इस्पितळ गाठा. मीटरवर आकड्याऐवजी HI आलं तर ते ‘हाय-हॅलो’ नाही. शुगर मीटरच्या मापाबाहेर गेली आहे, बहुतेक मीटरमध्ये ६०० च्या वर.

काहीही झालं तरी शुगर वाढली म्हणून स्टिरॉइड स्वतःहून बंद करू नका. तीनेक आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबवलं तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल लगेच बनवू शकत नाही. रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

एकदम २९० आला, दहा मिनिटांनी १८५. मीटर बिघडलाय का?

बहुतेक वेळा मीटर ठीक असतो, बोटावर काहीतरी असतं. एप्रिल-मे महिन्यात आंबा कापून तसंच बोट टोचलं तर रसाचा बारीकसा अंशही आकडा शंभराने वर नेऊ शकतो. साबण-पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सॅनिटायझर फळांची साखर नीट काढत नाही, आणि ओला राहिला तर थेंबात मिसळतो. बाहेर असाल आणि हात धुणं शक्यच नसेल तर पहिला थेंब कापसाने पुसा, दुसरा वापरा. टोचायचं बोटाच्या कडेला, टोकाला नाही. बोट दाबून पिळून थेंब काढू नका.

दुसरं कारण पावसाळा. स्ट्रिपवरचं रसायन ओल लागली की बिघडतं, आणि जुलैत इथे हवाच ओली असते. स्ट्रिप काढली की डबीचं झाकण लगेच लावा. चार स्ट्रिप्स सुट्या कागदात गुंडाळून ऑफिसच्या बॅगेत टाकणं हा प्रकार पूर्ण बंद. डबी फ्रिजमध्ये किंवा मोरीजवळच्या कपाटात ठेवू नका. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहा, उघडल्यावर ती किती दिवस चालते हे डबीवर छापलेलं असतं.

एवढं सांभाळूनही मीटर आणि लॅब यांत थोडा फरक राहणारच. मीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक १०० च्या वरच्या आकड्यांना १५ टक्के इकडे-तिकडे चालवून घेतं, म्हणजे खरी शुगर २०० असेल तर १७० ते २३० काहीही दिसू शकतं. शिवाय जेवणानंतर बोटाच्या रक्तातली शुगर हाताच्या शिरेतल्या रक्तापेक्षा जरा जास्तच असते. हिमोग्लोबिन खूप कमी असेल तरी काही मीटर आकडा वाढवून दाखवतात. आतड्याच्या आजारात रक्त जातं, तेव्हा हे लक्षात ठेवा. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा एकाच वेळी घेतलेले तीन-चार दिवसांचे आकडे जास्त विश्वासाचे.

ऑफिसात साडेतीनला तपासणं जमत नाही.

अर्धा तास इकडेतिकडे चालेल. तीन ते चारच्या मध्ये कधीही तपासा, फक्त जेवणापासून दीड ते अडीच तासांच्या मध्ये असू द्या. मीटर, डबी, टोचणी, कापूस आणि सुया टाकायला एक जाड प्लास्टिकची रिकामी बाटली, एवढं एका पाऊचमध्ये मावतं. वापरलेल्या सुया कचऱ्यात सुट्या टाकू नका, त्या सफाई कामगाराच्या हाताला लागतात.

रोज जमतच नसेल तर आठवड्यातून किमान तीन दिवस तपासा, आणि त्यात एक सुट्टीचा दिवस घ्या. रविवारचं मटण-वड्यांचं जेवण आणि बुधवारचा डबा यांचे आकडे वेगळे येतात.

मला डायबेटिस आधीपासून आहे. माझ्या गोळ्या किंवा इन्सुलिन वाढवू का?

स्वतःहून नको. यात सगळ्यात धोकादायक चूक अशी होते: संध्याकाळी २८० बघून माणूस रात्रीची गोळी किंवा रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन वाढवतो. स्टिरॉइडचा जोर तर रात्री उतरतोच, त्यावर वाढवलेलं औषध भरीला पडतं. मग पहाटे तीन-चारला शुगर ५५ वर येते, अंगाला दरदरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात. दुपारच्या शिखराला मात्र हात लागलेला नसतो, कारण ते औषध दुपारी काम करत नव्हतं.

म्हणून डॉक्टर शिखराच्या आकाराला जुळणारं औषध सकाळी देतात. मध्यम पल्ल्याचं एनपीएच इन्सुलिन सकाळी गोळीबरोबर घेतलं तर त्याचा जोर चार ते दहा तासांनी येतो, म्हणजे स्टिरॉइडच्याच वेळेला. किती युनिट ते वजन आणि स्टिरॉइडचा डोस बघून ठरतं. तुमचं काम त्यांना दिवसभराचे आकडे देण्याचं, आणि त्यात उपाशीपोटीचा आकडाही हवा. दुपार उंच आणि सकाळ ८५ असं दिसलं की रात्रीचं औषध वाढवायचं नाही, हे त्यांना लगेच कळतं.

माझं स्टिरॉइड दुसरं आहे, किंवा दोन वेळा आहे. हेच वेळापत्रक चालेल?

मेड्रॉल (मिथाइलप्रेडनिसोलोन) आणि डेफ्लाझाकॉर्ट सकाळी एकदा असतील तर साधारण हेच वेळापत्रक. मेड्रॉलच्या ४ मिग्रॅचा किंवा डेफ्लाझाकॉर्टच्या ६ मिग्रॅचा जोर प्रेडनिसोलोनच्या ५ मिग्रॅएवढा, त्यामुळे ‘माझा डोस फक्त १६ आहे’ म्हणताना गोळीचं नाव आधी बघा.

डेक्सामेथासोनचं तसं नाही. त्याचा परिणाम दीड दिवसाच्या वर टिकतो, रात्री उतार मिळत नाही आणि उपाशीपोटीची शुगरही वाढते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे जे रुग्ण आले, त्यांत स्टिरॉइड आणि वाढलेली शुगर ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली होती. डेक्सावर असाल किंवा प्रेडनिसोलोन सकाळ-संध्याकाळ असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतर, दोन्ही तपासा. एक दिवसाआड गोळी असेल तर गोळीच्या आणि बिनगोळीच्या दिवसाचे आकडे वहीत वेगळ्या रकान्यात ठेवा, सरासरी काढू नका.

एचबीएवनसी केली तर एका रिपोर्टमध्ये सगळं कळेल ना?

दोन आठवड्यांच्या स्टिरॉइडसाठी नाही कळणार. ती तपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. स्टिरॉइड सुरू करतानाच ती केली तर उपयोग आहे, आधीपासून लपलेला डायबेटिस होता का ते समजतं.

उपवासाच्या दिवशी तपासायची गरज नाही ना?

त्या दिवशी तर नक्की तपासा. श्रावणी सोमवारी दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी खाल्ली, तर शिखराच्या वेळी नुसता स्टार्च पोटात जातो. वरी-दाण्याची आमटी आणि दही त्यापेक्षा बरं, वरीही बेताची. शुगरचं औषध घेत असाल आणि दुपारी काहीच खाणार नसाल, तर आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा.

डोस कमी होत चाललाय. आता तपासणं थांबवू?

शुगरचं औषध चालू असेल तर उलट आता जास्त लक्ष द्या. मुलुंडच्या बाईंचा डोस दर आठवड्याला ५ मिग्रॅने उतरत होता, ग्लिक्लाझाइड मात्र तेवढंच राहिलं. पाचव्या आठवड्यात, २० मिग्रॅवर, साडेतीनचा आकडा १२४ होता. सगळे खूश. दोन दिवसांनी रात्री पावणेनऊला स्वयंपाक करताना त्यांचे हात थरथरले, तपासलं तर ६८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायल्या, पंधरा मिनिटांनी ९२ आला, मग जेवल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ग्लिक्लाझाइड कमी केलं आणि १५ मिग्रॅवर बंद केलं.

म्हणून स्टिरॉइडचा डोस प्रत्येक वेळी कमी झाला की पुढचे तीन दिवस दुपारी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा. दुपारचा आकडा १३०-१४० च्या खाली आला, किंवा कुठलाही आकडा १०० च्या खाली यायला लागला, तर पुढचा डोस कमी करायच्या आधीच डॉक्टरांना विचारा की शुगरचं औषधही उतरवायचं का. वहीत स्टिरॉइडचा त्या दिवसाचा मिग्रॅ आकडा शुगरच्या शेजारीच लिहा. नुसत्या शुगरच्या आकड्यांवरून हा निर्णय घेता येत नाही.

स्टिरॉइड पूर्ण बंद झालं. शुगरचा विषय संपला का?

बहुतेकांचे आकडे काही दिवसांत जागेवर येतात. दुपारचा आकडा सलग आठवडाभर १४० च्या आत राहिला की रोजचं टोचणं थांबवायला हरकत नाही. त्यानंतर तीनेक महिन्यांनी उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी एकदा करून घ्या. आता सकाळच्या रिपोर्टवर पुन्हा भरवसा ठेवता येतो. तो जास्त आला तर डायबेटिस आधीपासून दबा धरून होता आणि स्टिरॉइडने तो उघड केला, असं बहुधा निघतं. तीन महिन्यांचे आकडे नीट आले तरी पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरांनी स्टिरॉइड लिहून दिलं, तर ‘मागच्या वेळी दुपारी २५८ गेली होती’ हे त्यांना आधी सांगा आणि पहिल्या दिवसापासून साडेतीनची स्ट्रिप सुरू करा.